बचत खात्याचं तिमाही व्याज एवढं कमी कसं? हिशोब कळत नाही

द्राक्षवाला_तासगाव:
खात्यात एरवी ४० हजार पडून असतात. बेदाण्याच्या पट्टीचा ३ लाखांचा चेक ११ जुलैला भरला आणि ११ ऑगस्टला ते ३ लाख काढून एफडी केली. बँकेचा दर अडीच टक्के. ३ लाख ४० हजारांचं तीन महिन्यांचं व्याज मी २,१२५ धरलं होतं, सप्टेंबरअखेर जमा झाले फक्त ८२७. चूक कुणाची?

मिरजकर:
दहा तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी सर्वात कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज मिळतं. तुम्ही पैसे दहाच्या आत भरायला हवे होते.

सुनंदा_विटा:
टीडीएस कापला असणार. माझ्या एफडीचाही कापला होता, १५जी भरून द्या.

निवृत्त_कॅशियर:
सुनंदाताई, बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नसतो. मिरजकर, तुमचा नियम खरा होता, पण १ एप्रिल २०१० पासून तो गेला. तोच असता तर यांच्या ३ लाखांवर एक पैसा मिळाला नसता, कारण जुलैच्या दहाला आणि ऑगस्टच्या अकरानंतर खात्यात ४० हजारच होते. आता रोज दिवसअखेरची शिल्लक धरतात. व्याज रोज मोजतात, जमा तिमाहीला करतात.

द्राक्षवाले, दोन रकमा वेगळ्या करा. ४० हजार पूर्ण ९२ दिवस होते, त्याचे २५२ रुपये. ३ लाखांचं एका दिवसाचं व्याज साधारण २० रुपये ५५ पैसे. काढलेला दिवस धरायचा नाही, कारण त्या रात्री पैसे खात्यात नव्हते. म्हणजे ११ जुलै ते १० ऑगस्ट, ३१ दिवसांचे ६३७. एकूण ८८९.

द्राक्षवाला_तासगाव:
म्हणजे माझे २,१२५ चुकलेच. पण ८८९ आणि ८२७ मध्ये ६२ रुपये राहतात की!

निवृत्त_कॅशियर:
६२ म्हणजे बरोबर तीन दिवस. पासबुकात ३ लाख कोणत्या तारखेला जमा दिसतात? काउंटरफॉइलवरचा शिक्का बघू नका.

द्राक्षवाला_तासगाव:
१४ जुलै. अकराला शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार.

निवृत्त_कॅशियर:
मग मिटलं. चेक वटून रक्कम जमा झाली त्या दिवसापासून व्याज. २८ दिवसांचे ५७५ आणि ते २५२, झाले ८२७. अडत्याकडून आरटीजीएस घेतलं असतं तर त्याच दिवसापासून मोजलं असतं.

मिरजकर:
आमच्या पतसंस्थेत अजून सहा महिन्यांनीच व्याज पडतं, ते कसं चालतं?

निवृत्त_कॅशियर:
पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिला रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू नाही. तुमच्या संस्थेचे पोटनियम मागून बघा.

मिरजकर:
मागितले होते. सचिव म्हणतात, सभेत बघू.