मदत हवी आहे: न्यू जर्सीत किबला ईशान्येला कसा?

खाडीकाठ: आम्ही रत्नागिरीकडचे. अब्बा सध्या भावाकडे न्यू जर्सीत आहेत. इथे जन्मभर पश्चिमेला तोंड करून नमाज पढले, तिथे पूर्वेला वळायचं हे त्यांनी मनाशी धरलं होतं आणि तसंच पढत होते. आता फोनवरचं ॲप ५८ अंश दाखवतंय, म्हणजे चक्क ईशान्य! भावाच्या साध्या होकायंत्रावर ५८ धरले तर दिशा आणखीच उत्तरेकडे सरकते. किबला म्हणजे मक्केची दिशा, आणि मक्का तर न्यू जर्सीपेक्षा किती दक्षिणेला. खरं काय मानायचं?

पट्टीवाला: ॲप सोडा. नकाशावर पट्टी ठेवा, पूर्वेच्या किंचित दक्षिणेला येतं. तिकडे काही लोक तसंच धरतात.

मेलबर्नकर: इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. मग संध्येला पूर्वच धरायची ना?

गोलघुमट: मेलबर्नकर, उगवतो पूर्वेलाच, त्यामुळे काही बदलत नाही.

पट्टीवाले, नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. पृथ्वीगोलावर न्यूयॉर्क ते मक्का दोरा घट्ट ताणून बघा. तो ईशान्येला निघतो, अटलांटिकवर आणखी उत्तरेला चढतो आणि फ्रान्सवरून खाली उतरतो. जवळची वाट तीच. वॉशिंग्टनचं १९५७ साली सुरू झालेलं इस्लामिक सेंटरही ईशान्येलाच वळलेलं आहे.

होकायंत्राचा घोळ वेगळा. त्या भागात सुई खऱ्या उत्तरेच्या १२-१३ अंश पश्चिमेला ओढली जाते, म्हणून साध्या होकायंत्रावर ७१ च्या आसपास धरायचं. आयफोनच्या कंपासमध्ये Use True North चालू असेल तर ५८ च बरोबर. चुंबक असलेलं कव्हर मात्र काढा. यंत्रावर विश्वासच नसेल, तर २१ जूनच्या आसपास तिथे सूर्य जिथे उगवतो, जवळपास तिथेच किबला.

अलिबागची नात: आम्ही बेने इस्रायली. आजोबा अलिबागला पश्चिमेला तोंड करायचे, आत्या इस्रायलमध्ये डिमोनात उत्तरेला करते, कारण जेरुसलेम तिथून उत्तरेला. मुसलमानांचाही किबला आधी जेरुसलेमच होता ना?

गोलघुमट: हो. मदिनेत असताना, इ.स. ६२४ मध्ये, तो मक्केकडे बदलला. मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला, म्हणजे अगदी पाठ फिरवावी लागली. सूर्याशी किंवा पश्चिमेशी त्याचा संबंध नाही, जगभरच्या लोकांनी मक्केतल्या काबा या एकाच घराकडे तोंड करायचं. आपल्याकडे ते पश्चिमेला येतं एवढंच.

खाडीकाठ: भावाने सेटिंग पाहिलं, ट्रू नॉर्थ चालूच होतं. होकायंत्रावर ७१ धरले तर दोन्ही जुळतात! पण अब्बांना आता वेगळीच काळजी लागलीये. आतापर्यंत पूर्वेला पढलेल्या नमाजांचं काय?

मिरकरवाडा: पूर्व म्हणजे ९०, फरक साधारण ३२ अंशांचा. हनफी मताप्रमाणे दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत चालतं. पण आपण कोकणी बहुतेक शाफई, तिथे जास्त काटेकोर. मौलवीसाहेबांनाच विचारा.

खाडीकाठ: दोघांना विचारलं. एक म्हणाले झाल्या, दुसरे म्हणाले परत पढा.