पतसंस्था सोडताना शेअर्सची रक्कम आणि बेबाकी दाखला: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती (अमळनेर): माझे वडील पुढच्या वर्षी निवृत्त होतील. 27 वर्षं पगारातून पतपेढीची कपात झाली. राजीनामा, शेअर्स आणि दाखला यात कुठे अडकायला होतं, ते ज्यांनी सोसलंय त्यांनी लिहा. पतपेढीचं नाव नको, काय घडलं तेवढंच सांगा.

चोपड्याचे निवृत्त शिक्षक: ताई, मी अडकलो तो जामिनात. मे 2023 मध्ये निवृत्त झालो तेव्हा माझं स्वतःचं कर्ज फिटलेलं होतं आणि शेअर्स होते 48,500 रुपयांचे. मुख्याध्यापकांनी पेन्शनच्या कागदांसाठी दाखला मागितला. पतपेढीने चार दिवसांत दिलाही. त्यावर लिहिलं होतं, "कर्ज खाते निरंक". मी खूश.

राजीनाम्याचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा क्लार्कने जामीन रजिस्टर उघडलं आणि माझ्या नावाखाली बोट ठेवलं. सहा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी सही दिली होती, त्याचे 1,10,000 बाकी होते. मी साफ विसरलो होतो. तो हप्ते नियमित भरत होता, तरी राजीनामा मंजूर होईना. शेवटी त्याने दुसरा जामीनदार दिला, नवीन जामीनपत्र झालं आणि संचालक मंडळाच्या सभेत ठराव आला. त्यात चार महिने गेले.

म्हणून वडिलांना आजच जामीन रजिस्टर बघायला सांगा. आणि दाखल्यावर "कर्जदार व जामीनदार म्हणून कोणतेही येणे नाही" अशी ओळ मागा. माझ्या पहिल्या दाखल्यात ती नव्हती.

धुळ्याचा भाऊ: गुरुजी, कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे ना? अर्जाला तीन महिने झाले की पैसे द्यावेच लागतात. मी असतो तर थेट सहायक निबंधकांकडे गेलो असतो.

पतसंस्थेत 31 वर्षं नोकरी, आता घरी (पारोळा): भाऊ, तीन महिने बरोबर, पण ते उलट्या बाजूने. 1961 च्या सहकारी संस्था नियमांतला 21 वा नियम म्हणतो की सभासदाने सचिवाला तीन महिन्यांची नोटीस द्यायची. पैसे देण्याची ती मुदत नव्हे. स्वतःची बाकी आणि जामिनाची जबाबदारी मिटल्याशिवाय राजीनामा मंजूर करू नये, हेही त्याच नियमात आहे. गुरुजींना क्लार्कने छळलं असं मला वाटत नाही. चूक झाली ती पहिल्या दाखल्यात.

मंजुरीनंतरही शेअर्सचे पैसे लगेच मिळत नाहीत, त्याचं कारण सहकारी संस्था कायद्याच्या कलम 29 मध्ये आहे. मागच्या 31 मार्चला जे वसूल भागभांडवल होतं, त्याच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम एका आर्थिक वर्षात परत करता येत नाही. समजा भांडवल 60 लाख आहे, तर वर्षाला 6 लाखच. एकाच वर्षी 20 जण निवृत्त झाले आणि प्रत्येकाचे 50 हजार असले, तर मागणी होते 10 लाखांची. मग आठ जण पुढच्या वर्षावर जातात. आमच्याकडे आवक नंबरानुसार यादी लागायची. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्याच. नंबर नसला तर मागून आलेला पुढे सरकला तरी तुम्हाला कळत नाही.

चोपड्याचे निवृत्त शिक्षक: नानासाहेब, आता उलगडलं. माझे पैसे पुढच्या एप्रिलमध्ये आले. मला वाटायचं मुद्दाम लोंबकळत ठेवलं.

रावेरचा केळीवाला: माझीबी अडीच लाखांची ठेव अडकेल आहे एका पतसंस्थेत. संस्था अवसायनात गेली. ती कशी निघेल?

पारोळा: दादा, तुमचं दुखणं मोठं आहे, पण वेगळं आहे. ठेव म्हणजे संस्थेवरचं देणं. अवसायकाकडे पावतीच्या प्रतीसह लेखी दावा नोंदवला आहे का ते आधी बघा. शेअर म्हणजे मालकीचा वाटा, त्याचा नंबर ठेवीदारांच्या मागे. म्हणून तोट्यातल्या संस्थेत शेअरची किंमत ऑडिट झालेल्या ताळेबंदावरून कमी निघू शकते. भरल्यापेक्षा जास्त मात्र कधीच मिळत नाही.

शिरपूरची परिचारिका: माझी बदली नाशिकला झाली. पगारकपात थांबली आणि मी समजले, सभासदत्वही संपलं. दोन वर्षांनी पत्र आलं, आकस्मिक कर्जाचे 3,200 आणि व्याज बाकी. शेवटचा हप्ता कपातीतून निसटला होता. रक्कम भरून लेखी राजीनामा दिला, मग पुढचं हललं.

धागाकर्ती: काल वडिलांसोबत जाऊन रजिस्टर पाहिलं. दोन जामीन निघाले. एक कर्ज येत्या दिवाळीपर्यंत फिटेल. दुसरे कर्जदार मागच्या वर्षी वारले, हप्ते बंद आहेत. पतपेढी म्हणते वारसांशी बोलणं चालू आहे. त्यांचे वारस दुसरा जामीनदार देऊ शकतात का, की बाकी वडिलांच्या शेअर्समधून वळती होईल? असं कुणाच्या घरी घडलंय का?

पारोळा: वळती करून घेण्याचा हक्क संस्थेला आहे, पण आधी वारसांकडून वसुली करा असं लेखी पत्र आजच द्या. कर्जाला विमा होता का तेही विचारा, पुष्कळ संस्था उतरवतात. वारस नवा जामीनदार देतील का, ते मंडळावर आणि त्या घरावर आहे. कर्जखात्याचा उतारा हाती आला की रक्कम इथे लिहा, मग बघू.