डीकोडर आणि डीमल्टिप्लेक्सर: एकाच आयसीला दोन मराठी नावं?

तापीकाठ
धुळ्यात पॉलिटेक्निकला शिकवतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी प्रयोगाची पत्रकं मराठीत लिहितोय. डीकोडरला ‘विसंकेतक’ आणि डीमल्टिप्लेक्सरला ‘विभाजक’ लिहिलं. एका मुलीने विचारलं, “सर, आयसी तर तोच ७४१३८. मग कालचा विसंकेतक आज विभाजक कसा झाला?” तिचा प्रश्न रास्त आहे. दोघांना पेलेल असा एकच शब्द आहे का?

मात्रावेलांटी
‘विभाजक’ नकोच. गणितात विभाजक म्हणजे जिने निःशेष भाग जातो ती संख्या. ‘वितरक’ म्हणा. विसंकेतक मात्र चांगला शब्द आहे, तो सोडू नका. आपणच वापरले नाहीत तर हे शब्द रुळणार कसे?

पांझराकाठ
वितरक म्हटलं की गॅस सिलिंडरवाला आठवतो. आमच्याकडे फडाच्या पाण्यावर ‘पाटकरी’ असतो. पाटाचं पाणी एकच, ते आत्ता कोणाच्या वावरात सोडायचं हे तो बघतो. डीमल्टिप्लेक्सर तेच करतो. निवडीच्या तीन तारा वावर ठरवतात आणि आलेली माहिती त्या एकाच वाटेने जाते. ७४१३८ ला माहितीची वेगळी पिन नाही. त्याच्या तीन एनेबलपैकी उलट्या चालीच्या एकीवर माहिती जोडली आणि बाकीच्या दोन चालू ठेवल्या, की निवडलेल्या आउटपुटवर ती जशीच्या तशी दिसते, उरलेली सात १ वर राहतात. तीच एनेबल कायम ० ला बांधली की डीकोडर. त्या मुलीला हेच सांगा: आयसी बदलला नाही, एका पिनचं काम बदललं.

केळीबाग
भो, मी चोपड्याचा, वायरिंगची कामं करतो. टाकीत पाण्याची पातळी दाखवायला प्रायोरिटी एनकोडर वापरला होता. पाणी चढलं की खालचे सगळे सेन्सर एकदमच ओले असतात. साध्या एनकोडरला १ आणि २ दोन्ही मिळाले तर तो ३ सांगतो, जिथे पाणी पोहोचलेलंच नाही. ७४१४८ सगळ्यात वरचाच धरतो. त्याला मराठीत काय म्हणायचं?

मात्रावेलांटी
अग्रक्रम संकेतक.

केळीबाग
अग्रक्रम म्हणजे आधी आला त्याला आधी, असं नाही का वाटत? इथे आधी कोण ओला झाला याला काही अर्थ नाही. वरच्या नंबराचा मान.

दुसरंवर्ष
मला डीकोडरबद्दलच विचारायचं होतं. डीकोडर म्हणजे सगळे मिनटर्म तयार, हवे ते निवडून ऑर गेटला द्यायचे, असं शिकलो. ७४१३८ वर फुल अ‍ॅडर केला. बेरजेचा आणि कॅरीचा, दोन्ही एलईडी कायम पेटलेले. आयसी खराब आहे का?

पांझराकाठ
आयसी ठीक असणार. नियम बरोबर आहे, पण तो सरळ आउटपुटच्या डीकोडरचा. ७४१३८ चं निवडलेलं आउटपुट ० होतं, बाकी सगळी १. चार आउटपुट ऑरला दिली तर त्यातलं फार तर एक ०, उरलेली तीन १, म्हणजे उत्तर नेहमी १. तिथे नँड हवा. चारपैकी कोणतंही ० झालं की नँड १ देतो.

```
S = Σm(1,2,4,7)
C = Σm(3,5,6,7)
```

दोन्हींत चार-चार मिनटर्म, आणि ७४२० मध्ये चार इनपुटचे नेमके दोन नँड असतात. एक ७४१३८, एक ७४२०, अ‍ॅडर पूर्ण.

दुसरंवर्ष
७४२० टाकला, चाललं. म्हणजे ए, बी, सी पिनांवर पुस्तकातले ए, बी, सी ओळीने जोडले तेही बरोबरच होतं.

पांझराकाठ
नाही. या आयसीत ‘ए’ सर्वांत हलका बिट, पुस्तकात बहुधा सर्वांत जड. उलटं जोडलं की १ आणि ४ ची, ३ आणि ६ ची अदलाबदल होते. वर बघा, बेरजेत १ आणि ४ दोन्ही आहेत, कॅरीत ३ आणि ६ दोन्ही. म्हणून अ‍ॅडरवर ही चूक कधीच दिसत नाही. आता फुल सबट्रॅक्टर करून बघा. त्याचा बॉरो Σm(1,2,3,7), उलट्या जोडणीत तो (2,4,6,7) होईल. ए आणि बी दोन्ही ० ठेवून फक्त मागचा बॉरो १ दिला आणि तरी बॉरो आला नाही तर जोडणी उलटी आहे.

तापीकाठ
हे पत्रकात घेतो. अ‍ॅडरच्या खाली सबट्रॅक्टर असायलाच हवा. पण शीर्षकात काय लिहू?

मात्रावेलांटी
विसंकेतक. कंसात काही नको.

केळीबाग
पाटकरी लिहा सर. धुळ्याकडची पोरं लगेच समजतील.

पांझराकाठ
चोपड्याकडची समजतील का, ते सांगा. तुमच्याकडे फड नाही. आणि डीकोडर म्हणून वापरताना पाटात पाणीच नसतं, नुसतं दार उघडतं. तिथे मलाही पाटकरी पटत नाही.

दुसरंवर्ष
सर, सबट्रॅक्टरमध्ये ए, बी ० ठेवून फक्त मागचा बॉरो १ दिला. बॉरोचा एलईडी पेटला नाही.