दोषारोपपत्राचं इंग्रजी भाषांतर: जुनी कलमं तशीच ठेवायची का?

बांधकरी_परभणी
चुलत्यावर बांधाच्या भांडणाचा गुन्हा आहे. सेशनला जामीन फेटाळला, आता संभाजीनगर खंडपीठात अर्ज टाकायचाय. वकीलसाहेब म्हणाले, दोषारोपपत्र इंग्रजी करून आणा. घटना २८ जून २०२४ ची, गुन्हा दाखल ३ जुलैला. भादंवि ३२४, ३२६, ५०४, ५०६, ३४ लावलेत. नव्या कायद्याची कलमं टाकू का? चांगला भाषांतरकारही सुचवा.

गेवराईचा_पप्पू
भादंवि बंद झाली भाऊ. सगळी कलमं बीएनएसमध्ये करून टाका, नाहीतर अर्ज परत येईल.

टंकलेखक_लातूर
पप्पूभाऊ, भादंवि गेली हे खरं, पण १ जुलै २०२४ पासून. घटना त्याआधीची, म्हणून पोलिसांनी भादंवि लावली ते बरोबरच. आणि बदलायचं म्हणलं तरी आकडा तोच राहत नाही. भादंवि ३२४ म्हणजे घातक हत्याराने दुखापत, तर बीएनएस ३२४ म्हणजे मालमत्तेचं नुकसान. कलमासोबत कायद्याचं नाव प्रत्येक ठिकाणी लिहा. फिर्यादीत ३२६ नसेल आणि मेडिकल सर्टिफिकेटनंतर वाढवलं असेल, तर दोन्हीकडे जसं आहे तसंच ठेवा, सारखं करू नका. मुळात ५०४ चं ५४० छापलं असलं तरी ५४०च लिहा आणि वकिलांना वेगळ्या कागदावर कळवा.

माजलगाव_काका
माझंही ऐका. पुतण्याच्या जामिनात अट होती, दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत तालुक्यात यायचं नाही. मराठी करून देणाऱ्यानं लिहिलं ‘खटला संपेपर्यंत’. दोषारोपपत्र कधीच दाखल झालेलं, तरी पोरगं पेरणीला बाहेरच. आता त्या दिवसांची भरपाई मागता येते का?

टंकलेखक_लातूर
काका, ते वकिलालाच विचारा, इथला प्रश्न वेगळा आहे.

बांधकरी_परभणी
आरोपाचं एक वाक्य असं आहे: ‘आरोपी क्र. २ याने कुऱ्हाडीच्या तुंब्याने फिर्यादीच्या डोक्यात मारून जखमी केले.’ एकानं नमुन्यादाखल करून दिलं, त्यात नुसतं ‘अ‍ॅक्स’ आहे.

टंकलेखक_लातूर
त्याच्याकडून घेऊ नका. तुंबा म्हणजे पात्यामागची बोथट बाजू. नुसतं ‘अ‍ॅक्स’ वाचलं की धारेनं वार केला असंच वाटतं. सर्टिफिकेटमध्ये ‘हार्ड अँड ब्लंट ऑब्जेक्ट’ असेल, तर वकील त्याच फरकावर बोलणार. तुंबा, मग कंसात बोथट बाजू, असं लिहून घ्या. पोलिसांनी ‘मारले’ लिहिलं असेल तर आपल्या मनानं ‘कथित’ घालू नका. आणि कुणी सुचवलंच तर त्याला आधी हे एक वाक्य देऊन पाहा.

वकिलीण_अंबाजोगाई
आमच्या ऑफिसात ‘खरे भाषांतर’ म्हणून वकीलच सही करतात.

गेवराईचा_पप्पू
आमच्याकडं नोटरी मागितली होती.

वकिलीण_अंबाजोगाई
अर्ज दाखल करणारे वकील म्हणतील तसं करा. आणि आणखी एक: अर्जावर ४८२ दिसलं तर कायद्याचं नाव बघा. सीआरपीसी ४८२ आणि बीएनएसएस ४८२ एक नाही. नव्यात तो अटकपूर्व जामीन आहे, अटकेतल्या माणसाला ४८३.

बांधकरी_परभणी
चुलते आतच आहेत. म्हणजे ४८३. आता सर्टिफिकेट काढून बघतो, धार लिहिलीय का बोथट.