मदत हवी आहे: ११ पानांचं जुनं खरेदीखत २ एमबीत बसवायचंय, शिक्केही वाचता यायला हवेत

वाईकर

नमस्कार मंडळी. वडिलांच्या जमिनीचं १९८६ चं खरेदीखत एका पोर्टलवर चढवायचं आहे. लीगल साइझची ११ पानं. पहिली दोन स्टॅम्प पेपरवर, बाकीची हिरवट लेजर पेपरवर मराठीत टाइप केलेली. शेवटच्या पानावर सह्या, अंगठे आणि दुय्यम निबंधकांचा जांभळा शिक्का. पोर्टल २ एमबीच्या वर घेत नाही, आणि एकच पीडीएफ लागते.

झेरॉक्सवाल्याने रंगीत ३०० डीपीआयवर स्कॅन केलं ते १४ एमबी झालं. मग ब्लॅक अँड व्हाइट केलं, तर शिक्का अर्धा गायब, सगळ्या पानभर मिरी सांडल्यासारखे ठिपके, आणि तरीही फाइल ३ एमबी! ऑनलाइन साइटवर दाबून १.९ एमबी केली, पण गट नंबरातला आकडा ३ आहे की ८ तेच कळेना. कुठला मोड आणि किती डीपीआय ठेवू?

चहाबाज

सोपं आहे की. ग्रेस्केल करा. रंगात तीन चॅनेल असतात, ग्रेमध्ये एकच. म्हणजे १४ चे सरळ साडेचार-पाच एमबी. मग डीपीआय २०० केला की झालं काम.

नाना_स्कॅनिंगवाले

चहाबाज, दुसरं बरोबर, पहिलं नाही. तीन चॅनेलचं गणित कच्च्या चित्राला लागू होतं. पीडीएफमध्ये रंगीत पान जेपेग होऊन बसतं, आणि जेपेग रंगाची माहिती आधीच विरळ करून ठेवतो. त्यात कागद सगळा एकाच छटेचा, म्हणजे रंगाला जागा लागतेच कितीशी. त्यामुळे रंगीतचं ग्रे केल्यावर बहुतेक वेळा पाव भागसुद्धा वाचत नाही. डीपीआयचा फरक मात्र मोठा पडतो. ३०० चे २०० केले की पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, कारण उभे आणि आडवे दोन्ही घटतात.

आता वाईकर, तुमची ब्लॅक अँड व्हाइट ३ एमबी का झाली ते सांगतो. त्या मोडमध्ये प्रत्येक ठिपका एक तर काळा नाही तर पांढरा, मधलं काही नाही. स्वच्छ टाइप केलेलं लीगल पान ३०० डीपीआयवर साधारण ५० ते १०० केबीत बसतं, कारण लांबच लांब पांढऱ्या पट्ट्या थोडक्यात लिहिता येतात. पण हिरवट कागदाची छटा काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर आली की हजारो ठिपके उगवतात, आणि प्रत्येक ठिपका ती पट्टी तोडतो. वाचायला वाईट आणि वजनालाही जड. उपाय डीपीआय कमी करणं नव्हे, सीमा सरकवणं. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रायटनेस किंवा थ्रेशोल्ड नावाची पट्टी असते. कागद पांढरा होईपर्यंत सरकवा, आणि अनुस्वार, रफार उडायला लागले की थोडं मागे या.

शिवाय सगळी पानं एकाच मोडमध्ये पाहिजेत असं कोणी सांगितलं? पीडीएफला पानागणिक वेगळा मोड चालतो.

प्राजक्ता_आई

मलाही हाच त्रास! मुलीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत मागतात. डीपीआय १०० केला तरी फाइल तेवढीच राहते. काय करू?

चहाबाज

ताई, फोटोचं वेगळं. तिथे लांबी-रुंदीचे पिक्सेल कमी करायचे. डीपीआयचा नुसता आकडा बदलला तर पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छापताना चित्र मोठं येतं.

ग्रंथपाल_निवृत्त

एक सावधगिरीची गोष्ट. फाइल लहान करणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट पानांसाठी जेबिग२ ही पद्धत असते. तिचा एक प्रकार सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवतो आणि सगळीकडे तीच डकवतो. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्सच्या काही मशीनांत अशाने ६ च्या जागी ८ येत होता. आकडा अगदी स्वच्छ, धारदार, आणि चुकीचा! पुसट आकड्याची निदान शंका तरी येते. गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम मूळ कागदाशी ताडून बघाच. ‘लॉसी’ असा पर्याय दिसला तर नको म्हणा.

वाईकर

नाना, मग माझ्या ११ पानांचं कसं करू ते जरा नीट सांगाल का? आणि ब्लॅक अँड व्हाइटला २०० डीपीआय चालेल का? तेवढीच जागा वाचेल.

नाना_स्कॅनिंगवाले

२०० नको. ग्रेमध्ये अक्षराच्या कडेला करड्या छटा असतात, त्यामुळे १५०-२०० लाही डोळ्यांना आकार कळतो. ब्लॅक अँड व्हाइटला त्या छटांचा आधार नाही, म्हणून तिथे डीपीआय जास्तच हवा. ३०० च्या खाली मराठी टाइपात ‘घ’ आणि ‘ध’ एक होतात, मात्रा शिरोरेषेत बुडतात. आणि वजन तसंही कमीच.

आधी हिशेब मांडा. २ एमबी म्हणजे पानामागे सरासरी १८५ केबी. स्टॅम्प पेपरची दोन आणि शेवटचं, अशी तीन पानं रंगीत २०० डीपीआय, जेपेगची क्वालिटी मध्यम. प्रत्येकी साडेतीनशे केबी धरा, म्हणजे हजारभर. उरलेली आठ ब्लॅक अँड व्हाइट ३०० ला, प्रत्येकी ८० धरली तर साडेसहाशेच्या आत. बसतं की.

दाबलेल्या फाइलवर पुन्हा प्रयोग करू नका. १४ एमबीवाली मूळ धरा आणि तिच्यातूनच पानं काढा. पॉप्लर नावाचं मोफत पॅकेज घातलंत तर ही आज्ञा प्रत्येक पानाचं पोट उघडून दाखवते:

```
pdfimages -list kharedikhat.pdf
```

ब्लॅक अँड व्हाइट पानासमोर `bpc` खाली 1 आणि `enc` खाली `ccitt` दिसायला हवं. 8 आणि `jpeg` दिसलं तर ते नावापुरतंच ब्लॅक अँड व्हाइट आहे, आतून जेपेगच. मोबाइलच्या बऱ्याच अॅपांचा काळा-पांढरा फिल्टर असाच असतो.

वाईकर

जमलं नाना! पान ७ ने मात्र छळलं. रिबन सुकलेली असावी. थ्रेशोल्ड वाढवला की ठिपके, कमी केला की ‘चतुःसीमा’तला विसर्गच गायब. शेवटी ते एकटं ग्रे १५० ठेवलं, १७० केबी. एकूण फाइल १.७ एमबी. गट नंबर ४०० टक्क्यांवर मोठा करून मूळ कागदाशी ताडला, ३ च आहे.

एक शंका उरली. अंगठ्याच्या रेषा २०० ला थोड्या चिकटतात. शेवटचं पान ३०० करू का? तीनशे केबी शिल्लक आहेत.

नाना_स्कॅनिंगवाले

करून बघा, जागा आहे तर. पण ठसा जुळवायचं काम या फाइलवर होणार नाही. बोटांचे ठसे तपासायला ५०० डीपीआय धरतात, आणि तशी वेळ आली तर मूळ कागदच मागतील. इथे अंगठा आहे आणि शेजारचं नाव वाचता येतंय एवढं पुरे. मी असतो तर ती जागा पान ७ ला दिली असती, ग्रे २०० करून.

चहाबाज

तिकडे ऑफिसात क्लार्क काळ्या-पांढऱ्या लेझरवरच प्रिंट काढणार. रंगीत पाठवून उपयोग काय? तीन पानंही ग्रे करा, अजून वाचेल.

ग्रंथपाल_निवृत्त

प्रिंट काय काढायची ती काढू देत, तपासणारा आधी स्क्रीनवर बघतो. जांभळा शिक्का काळ्या टाइपावर पडलाय, ग्रेमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळतील. रंग ठेवा.

चहाबाज

आमच्या तालुक्याला स्क्रीनवर बघणारा अजून भेटायचाय. पण असो.

वाईकर

रंग ठेवतोय. पान ७ ग्रे २०० करून आज रात्री चढवतो. दिवसा पोर्टल उघडतच नाही.