मदत हवी आहे: ओपन ऑफिससाठी डिफ्यूजर निवडताना कॅटलॉगमधला थ्रोचा कुठला आकडा धरायचा?

निरंजन_डक्ट:
४० बाय ४० फुटांचा हॉल, फॉल्स सीलिंग ९ फुटांवर. चार गोल डिफ्यूजर २० फुटांच्या अंतरावर, प्रत्येकी ४०० सीएफएम, भारानुसार हवा कमी-जास्त करणाऱ्या व्हीएव्हीवर. १० इंची नेकसमोर कॅटलॉगमध्ये थ्रो ५-७-१४ फूट, १२ इंचीसमोर ४-५-११. म्हणजे झोताचा वेग १५०, १०० आणि ५० फूट प्रति मिनिटावर उतरेपर्यंत हवा जाते ती अंतरं. सप्लायर म्हणतो, थ्रो जास्त तितकं चांगलं, हवा भिंतीपर्यंत पोचली पाहिजे, म्हणून १० इंची घ्या. ऑर्डर या आठवड्यात द्यायची आहे.

सुहास७२:
सप्लायरचं बरोबर आहे. भिंतीपर्यंत १० फूट, थ्रोही तेवढा हवाच.

माधवी_एचव्हॅक:
सुहास, अंतर १० फूट हे बरोबर, पण ते फक्त भिंतीसाठी नाही. शेजारच्या डिफ्यूजरची हवाही १० फुटांवरच येऊन भिडते. तिथे वेग उरला असेल, तर दोन्ही झोत एकमेकांवर आपटून थेट खाली बसलेल्यांच्या मानेवर येतात.

निरंजन, बसलेल्यांना झोत न लागता हॉलभर सारखा गारवा मिळतो का हे सांगणारा निर्देशांक म्हणजे एडीपीआय. त्यासाठी ५० च्या वेगासमोरचा थ्रो धरा आणि त्याला १० फूट अंतराने भागा. तुमचा भार साधारण २० बीटीयू प्रति तास प्रति चौरस फूट असावा. त्याला गोल डिफ्यूजरसाठी हे गुणोत्तर ०.८ ला सर्वांत चांगलं, आणि ०.७ ते १.३ मध्ये एडीपीआय ९० च्या वर राहतो. १० इंचीचं १.४ येतं, म्हणजे बाहेर. १२ इंचीचं १.१.

कोकणी_मेकॅनिक:
आमच्याकडे कॅसेट एसी आहे, खाली बसणारा रोज पुठ्ठा चिकटवतो. तिथेही हेच लावायचं का?

माधवी_एचव्हॅक:
नाही, कॅसेटचा झोत वेगळा असतो. चौकोनी लूव्हरवाल्या डिफ्यूजरचंही गुणोत्तर वेगळं, २ च्या आसपास. आधी प्रकार ठरवायचा, मगच भागाकार.

निरंजन_डक्ट:
मग १२ इंची नक्की करू? व्हीएव्ही किमान ५० टक्क्यांवर येतो.

माधवी_एचव्हॅक:
तिथेच घोळ आहे. हवा निम्मी झाली की थ्रोही साधारण निम्मा होतो. १२ इंचीचा ५.५ फूट होईल, म्हणजे ०.५५. थंड हवा छताला चिकटून न राहता डिफ्यूजरखालीच कोसळेल, आणि तक्रार बरोब्बर त्याच टेबलावरून येईल. १० इंची निम्म्या हवेवर ०.७ ला कसाबसा आत बसतो, पण पूर्ण भाराला बाहेर जातो. हॉल वर्षातला जास्त वेळ किती भारावर चालतो, ते सांगा. आणि हे सगळं फक्त कूलिंगसाठी, हीटिंगला हा निर्देशांक लावू नका.

सुहास७२:
किमान हवा ७० टक्क्यांवर ठेवली तर १२ इंची चालेल की.

माधवी_एचव्हॅक:
चालेल, ७.७ फूट मिळतो. पण कमी भाराला हॉल गरजेपेक्षा थंड होईल. निरंजन, छतातून खाली आलेला बीम आहे का? असेल तर झोत तिथेच खाली वळेल आणि हे गणित लागू होणार नाही.

निरंजन_डक्ट:
मधोमध एक आहे, सीलिंगखाली ८ इंच. ड्रॉइंग टाकतो.