वर्गशिक्षिका दीर्घ रजेवर आणि शाळेचं तीन ओळींचं पत्र

दुसरीतल्याचा बाबा
काल मुलाच्या डायरीत चिकटवून आलेलं पत्र: "इ. दुसरी 'अ'च्या वर्गशिक्षिका वैयक्तिक कारणास्तव सोमवारपासून दीर्घ रजेवर जात आहेत. त्यांच्या जागी नवीन शिक्षिका रुजू होतील. पालकांनी सहकार्य करावे." बस, एवढंच. कारण नाही, किती दिवस ते नाही, नवीन बाईंचं नाव नाही. आम्ही फी भरतो, मग कारण आणि नव्या बाईंची पदवी विचारणं आमचा हक्क नाही का? आणि बाळंतपणाचीच रजा असेल (वर्गात सगळ्यांना दिसतंय), तर जूनमध्ये वर्ग घेतलाच कशाला?

खडूफळा
शेवटचं वाक्य वाचून राग आला, म्हणून लांब लिहितेय. मी तेवीस वर्षं प्राथमिकला होते, त्यातली नऊ मुख्याध्यापिका. अशी पत्रं मी स्वतः लिहिली आहेत, आणि पहिली दोन तुमच्या शाळेसारखीच वाईट लिहिली.

कारण सांगायचं की नाही, हे त्या बाईंनी ठरवायचं. त्यांनी होकार दिला तर लिहावं, नाही तर "रजेवर" एवढा शब्द पुरे. गर्भपात, आजारपण, घरातलं दुखणं, यातलं काहीही असू शकतं, आणि एकदा कागदावर आलं की ते शाळेच्या फाटकाबाहेर रिक्षावाल्यापर्यंत पोचतं. तुमचा खरा हक्क तारखांवर आहे, आणि त्यावर तुम्ही एकच वाक्य खर्च केलंत.

कॅलेंडर घेऊन बसा. समजा बाई १७ नोव्हेंबरला रजेवर गेल्या. बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवस, म्हणजे १७ मेपर्यंत. तोवर वार्षिक परीक्षा होऊन शाळेला सुट्टी लागलेली असते. म्हणजे त्या शाळेत परत येतील, पण तुमच्या मुलाच्या वर्गात येणार नाहीत. माझ्या पहिल्या पत्रात मी "बाई लवकरच परत येतील" असं लिहिलं होतं. एक मुलगी फेब्रुवारीपर्यंत रोज सकाळी दारात उभी राहून विचारायची, "आज येणार?" ते खोटं मी लिहिलं होतं आणि निस्तरावं लागलं नव्या बाईंना.

नंतर मी असं लिहायला लागले: "१७ नोव्हेंबरपासून वार्षिक परीक्षेपर्यंत आपल्या वर्गाला अमुक बाई शिकवतील. पुढच्या वर्षी मुलं तिसरीत गेल्यावर जुन्या बाई त्यांना शाळेत भेटतील. १२ ते १४ तारखेला दोन्ही बाई वर्गात असतील. परिपाठ, बसायच्या जागा, डब्याची वेळ आणि गृहपाठाचा वार हे बदलणार नाही. बाईंनी मुलांना आजच वर्गात सांगितलं आहे. घरी त्यांनी विचारलं तर हेच सांगावं. शंका असल्यास शाळा सुटल्यावर सव्वापाच ते पावणेसहा या वेळेत मला भेटावं." एवढं पत्र अर्ध्या पानात बसतं.

ते तीन दिवस मात्र खरे लागतात. पहिल्या दिवशी नव्या बाई मागच्या बाकावर बसून नुसतं बघतात. दुसऱ्या दिवशी परिपाठ आणि एक तास घेतात. तिसऱ्या दिवशी सगळा वर्ग त्यांच्याकडे, जुन्या बाई मागे. वही हातात देऊन "यात सगळं आहे" म्हटलं तर चालत नाही, कारण महत्त्वाचं कधीच वहीत नसतं. आमच्याकडे एक मुलगा नवीन बाई आल्यापासून चार दिवस डबा न खाता घरी जायचा. आईला वाटलं भाजी आवडत नाही. पाचव्या दिवशी मी मोठ्या सुट्टीत वर्गात जाऊन बसले. सगळी मुलं जेवत होती आणि हा झाकणावर दोन्ही हात ठेवून बसलेला. जुन्या बाई जेवणाआधी श्लोक म्हणून घ्यायच्या, नव्या बाईंना ते कुणी सांगितलंच नव्हतं, आणि हा श्लोकाची वाट बघत सुट्टी संपवायचा.

मु. पो. सातारा
अगदी बरोबर. आमच्याकडे तर बाईंना मतदार याद्यांच्या कामाला लावलं आणि वर्ग दोन महिने शिपायाच्या ताब्यात! आधी शिक्षकांना बाहेरची कामं देणं बंद करा, मग पत्रांचं बघू.

खडूफळा
त्याचा त्रास मीही काढलाय. पण ते काम आणि ही रजा एक नाही. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती एवढ्यासाठी शिक्षकांना बोलावण्याची मुभा शिक्षणहक्क कायद्यातच आहे, त्यात शाळेच्या हाती फारसं काही नसतं. बाळंतपण निदान चार-पाच महिने आधी कळतं. तयारी न करण्याला इथे सबब नाही.

अमोल_पुणे
सव्वीस आठवडे फक्त सरकारी नोकरीत. खासगी शाळेत तीन महिने मिळतात, तेही बिनपगारी. माझ्या वहिनीला तेवढेच मिळाले.

कायद्याचं बोला
वहिनींना मिळाले असतील, पण ते नियमाने नव्हे. २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, पगारी, आणि दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा खासगी शाळेलाही ते लागू आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. बारा आठवडे म्हणताय ते आधीच दोन मुलं असतील तर.

अमोल_पुणे
बरं, कागदावर असेल. पण तिथल्या संस्थाचालकांनी "राजीनामा द्या, जूनमध्ये परत घेऊ" म्हटलं आणि तिने दिला. कायदा घेऊन कुठे जायचं होतं तिने, सातव्या महिन्यात?

कायद्याचं बोला
याला माझ्याकडे उत्तर नाही.

बदली शिक्षिका
मी या गोष्टीतली "नवीन बाई" आहे. दोन शाळांत अशीच लागले, तासिकेवर. पहिल्या शाळेत हजेरीपत्रक मला ऑफिसात मिळालं आणि तशीच वर्गात गेले. दिवसभर एकच वाक्य ऐकलं: "आमच्या बाई असं करत नाहीत." खडूफळाताई, तुमचं पत्र छान आहे, पण "हे बदलणार नाही" असं छापून देऊ नका. ते माझ्या गळ्यात अडकतं. मी वर्गपाठाच्या वह्या रोज तपासायचे, जुन्या बाई आठवड्याने तपासायच्या. एका आईने पत्र दाखवून तक्रार केली की पद्धत का बदलली. आणि ते ओळखीचे तीन दिवस? त्याचे पैसे मला कुणी दिले नाहीत. हजेरी सोमवारपासून लागली.

खडूफळा
पैशांचं म्हणणं खरं आहे, आणि तिथे मीही कमी पडले. संस्थेकडे मागितले होते, एकदाच मिळाले. वहीबद्दल मात्र मी माझ्या मतावर आहे. पत्रात मोजक्या चार गोष्टी लिहाव्यात आणि त्या पाळाव्यात. वही तपासणं त्यात नव्हतं.

गणिताचा मास्तर
खरा घोळ गणितात होतो. बालभारतीच्या २०१९च्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आलं. जुन्या बाई "पन्नास तीन" शिकवणार, बदलीवाल्या "त्रेपन्न" म्हणणार. मूल फळ्याकडे बघतच राहतं. याचा तुमच्या पत्रात उल्लेख कुठे आहे?

मु. पो. सातारा
ते "पन्नास तीन" म्हणजे भाषेची वाट लावणं आहे. आमच्या आजीला शाळा माहीत नव्हती, पण एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यात तिची कधी गफलत झाली नाही. बाजारात जाऊन "पन्नास तीन रुपये" म्हणणार का पोरं?

गणिताचा मास्तर
तुमची आजी बोलायची, लिहायची नव्हती. लिहिताना त्रेपन्नचा तीन आधी ऐकू येतो आणि मूल ३५ लिहितं. वीस वर्षं वह्या तपासतोय. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी हेच समजावून सांगितलं तर लोक त्यांच्यावर तुटून पडले. दाक्षिणात्य भाषांत दशक आधी बोलतात, तिथे भाषा मेली का?

मु. पो. सातारा
मग तेलुगूच शिकवा की मास्तर.

गणिताचा मास्तर
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मुलाची वही उघडून बघितलीय का कधी?

मु. पो. सातारा
रोज बघतो. माझी मुलगी त्रेपन्न म्हणते आणि ५३च लिहिते.

बदली शिक्षिका
दोघंही थांबा जरा. दुसऱ्या शाळेत नेमकं हेच माझ्यासमोर आलं. मी "सत्तेचाळीस" म्हटलं, अर्धा वर्ग गप्प. मग पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, म्हणजे चाळीस सात ना?" तिनेच मला सांगितलं वर्गात काय चाललंय ते. त्या दिवसापासून मी दोन्ही एकापाठोपाठ म्हणायला लागले. कुठलं बरोबर ते तुम्ही भांडा. येणाऱ्या बाईला आधी सांगा एवढंच म्हणतेय. वजाबाकीत उसने कुठे मांडतात, अंकावर की बाजूला, हेसुद्धा.

गणिताचा मास्तर
उसन्याचा मुद्दा मान्य. नावांचा मुद्दा अजून सुटलेला नाही.

दुसरीतल्याचा बाबा
माझा धागा कुठच्या कुठे गेला. असो. "वर्ग घेतलाच कशाला" हे वाक्य मागे घेतो, ते लिहायला नको होतं. घरी बायकोनेही तेच ऐकवलं. पण पदवीचं मी सोडणार नाही. डी.एड. झालेली आहे की ओळखीतली कुणी आणून बसवलीय, हे मला कळायलाच हवं.

खडूफळा
ते विचारा, जरूर विचारा. नाव, शिक्षण आणि आधी कुठल्या इयत्तेला शिकवलंय, हे पत्रात असायलाच हवं. माझ्या वरच्या मसुद्यात ते नाही, ही माझी चूक.

आज गुरुवार आहे. उद्या मुख्याध्यापकांना भेटा आणि तीनच गोष्टी विचारा: रजा कुठल्या तारखेपर्यंत, नव्या बाई सोमवारच्या आधी एकदा तरी वर्गात येणार का, आणि मुलांना कोण सांगणार. तिसऱ्याचं उत्तर "सोमवारी कळेलच" असं आलं, तर बाईंनाच विनंती करा की उद्या शेवटच्या तासाला नको, सकाळी परिपाठानंतर सांगा. शेवटच्या तासाला सांगितलं की मुलं प्रश्न पोटात घेऊन घरी जातात.

पुढचे दोन आठवडे डबा उघडून बघा, किती परत येतो ते. आणि सकाळी दप्तर भरताना पोट दुखतं म्हणाला, तर एकदा सोडून द्या. तिसऱ्यांदा म्हणाला तर नव्या बाईंना भेटा, पालकांच्या ग्रुपवर टाकू नका.

दुसरीतल्याचा बाबा
ग्रुपवर कालच टाकलंय. त्रेसष्ट मेसेज झाले.

गणिताचा मास्तर
साठ तीन.

दुसरीतल्याचा बाबा
उद्या साडेदहाला जातोय शाळेत. आत्ता त्याला झोपवताना विचारलं, बाई जाणार हे माहितीय का. म्हणाला, हो, त्यांच्या पोटात बाळ आहे, पण खिडकीतल्या मटकीला पाणी कोण घालणार? हेही विचारायच्या यादीत घालतो.